घोटभर हेर्बात्का

गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी कोल्हापूरहून आईचा फोन आला. मी ऑफिसातून घरी निघालेले, पोलंडमधल्या व्रोत्स्वाफच्या ट्राममध्ये उभी, काचा वाफेनं पांढऱ्या झालेल्या, आणि आईनं हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, "अगं, विहीणबाई आपल्यावर रागावल्यात का गं?" मला काही कळेना. मग लक्षात आलं, आदल्या रात्री मी तिला बहिणीच्या सासूबाईंच्या एका पोलिश पत्राचं भाषांतर व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, ते तिनं वाचलंय. म्हणाली, "कसं कोरडं ठणठणीत पत्र आहे. हात गार पडले तर हीटरजवळ बस, चहा पी, माझा विचार कर. दवाखान्यात भिंतीवर सूचना लावतात ना, तसं. एवढ्या लांब नात राहते आणि तिला असं लिहितात होय?" मी म्हटलं, अगं नाही, उलट फार गोड पत्र आहे ते. तर ती म्हणाली, "मग गोड कुठंय त्यात? मला तर काही दिसलं नाही."

हे "गोड कुठंय त्यात" पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यात बसून राहिलं.

माझी धाकटी बहीण ग्लासगोत असते. तिचा नवरा पोलिश, झेशूफजवळच्या एका गावातला, आणि त्यांची मुलगी मीरा आता नऊ वर्षांची आहे. त्याची आई, म्हणजे मीराची बाप्चा (पोलिशमध्ये आजीला बाप्चा म्हणतात), अजून हातानं पत्रं लिहिते, शाळेच्या वहीसारख्या चौकटीच्या कागदावर, निळ्या पेनानं, अक्षरं एकमेकांना धरून चाललेली. मीराला पोलिश ऐकून बरंचसं समजतं पण ते अक्षर वाचता येत नाही. बापानं पत्र वाचलं आणि सांगितलं की काही नाही, स्वेटर पाठवलाय, थंडीत जपायला सांगितलंय. बहिणीला ते पटलं नाही, दीड पान पत्रात एवढंच कसं असेल. म्हणून तिनं फोटो काढून मला पाठवला, मीरासाठी इंग्रजीत कर आणि आईसाठी मराठीत कर, आईला फार उत्सुकता आहे. मी इथे आठ वर्षं राहतेय, पोलिश बोलते, ऑफिसात मेलही लिहिते, मला वाटलं तासाभराचं काम. मराठी झालं, आईनं वरचं ऐकवलं. मग मी सावध झाले आणि इंग्रजीत एकही शब्द वाया जाऊ दिला नाही, जिथे जिथे बाप्चानं शब्दाला लाडाची शेपटी लावली होती तिथे तिथे 'लिटल' घातला. ते मीरानं वाचलं आणि तिच्या आईला विचारलं की बाप्चाकडे सगळंच लिटल का आहे, लिटल टी, लिटल रेडिएटर, लिटल ज्यूस, ती बाहुलीच्या घरात राहते का? नऊ वर्षांच्या मुलीनं अगदी मनापासून विचारलेला प्रश्न. एकाच पत्राची दोन भाषांतरं, एकात मायाच गायब आणि दुसऱ्यात मायेच्या जागी नुसता लहानपणा.

ज्यांचा पोलिशशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चहाला पोलिशमध्ये हेर्बाता म्हणतात. पण थंडीतून तुम्ही कुणाच्या घरी आलात तर तिथली बाई हेर्बाता देत नाही, हेर्बात्का देते. जरा जास्तच जीव असेल तर हेर्बातेच्का. कप तोच, चहा तेवढाच. कोत म्हणजे मांजर, त्याचं कोतेक होतं, कोतेचेक होतं. मीरा हे नाव त्यांच्याकडेही चालतं, आणि बाप्चाच्या पत्रात ते मिरेच्का आहे, मिरुन्या आहे, आणि हाक मारताना मिरुश्यू. मला सुरुवातीला हे कानाला फार विचित्र लागायचं, कारण आपल्याकडे नावाला 'या' लागला की ते दिन्या, बंड्या, राम्या होतं, गल्लीतली हाक, आणि इथे मात्र बायका काश्या, बास्या, मिरुश्या म्हणताना अक्षरशः गाल कुरवाळत असतात. नुसतं नावं आणि वस्तू नाहीत, विशेषणं, क्रियाविशेषणं, सगळ्याला ती शेपटी लागते. हळू असेल तर अगदी हळुवार हळू, एकटी असेल तर साम्युत्का, म्हणजे एकटीच्या एकटी. त्या दीड पानात असे एकतीस शब्द मी मोजले.

आईशी हे बोलले तर ती म्हणाली, "अगं म्हणजे आपल्या वळिवड्याच्या बायका." कोल्हापूरकरांना सांगायला नको, 1943 ते 1948 वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. आईची आत्या तेव्हा लहान होती, ती सांगायची की त्या बायका संध्याकाळी मुलांना हाका मारायच्या तर नावं रबरासारखी लांबायची, एकाच मुलाचं नाव तीनदा हाक मारली तर तिन्ही वेळा वेगळं ऐकू यायचं, आम्हाला वाटायचं त्यांना तीन मुलं आहेत. हे मी लहानपणी दहा वेळा ऐकलं असेल आणि कधी काही वाटलं नव्हतं. आता त्या चौकटीच्या कागदावर एकाच पोरीची चार नावं बघताना ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली.

मग मी पत्र पुन्हा हातात घेतलं, आणि आधी शब्दांची चाळणी केली. कारण त्या एकतीसातल्या सगळ्याच शब्दांत माया नव्हती. बाप्चानं लिहिलं होतं, चहात रास्पबेरीच्या सरबताच्या दोन विझेच्का घाल. आता विझ्का म्हणजे चमचा आणि विझेच्का दिसायला लाडाचा शब्द, पण तो नुसता टीस्पून आहे, आपला चहाचा चमचा. तिथे 'इवलासा चमचा' लिहिणं सरळ चूक. तसंच गोवोंब्की. शब्दाचा अर्थ छोटी कबुतरं, पण तो कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळून शिजवलेला पदार्थ आहे, रोजचा, त्यात लाड काही नाही. ओळखायची खूण मला सापडली ती अशी की शेपटी काढून बघायची. विझेच्काची काढली तर चहाचा चमचा जाऊन जेवायचा मोठा चमचा येतो, म्हणजे वस्तूच बदलली. हेर्बात्काची काढली तर चहा तोच राहतो, फक्त देणारीचा चेहरा बदलतो. वस्तू बदलली तर ते माप आहे, चेहरा बदलला तर ती माया आहे. स्वेतेरेकला मात्र ही चाळणीही पुरेना, कारण स्वेटर नऊ वर्षांच्या मुलीचा म्हणजे छोटा आहेच, आणि बाप्चानं स्वतः विणलाय म्हणजे लाडाचाही आहे. एकतीसातले असे बावीस राहिले जिथे खरंच चेहरा होता.

आणि इथेच माझं 'लिटल' चुकलं होतं. मी आकार भाषांतर करत होते, आणि बाप्चाला आकाराचं काही सांगायचंच नव्हतं.

यातलं एकच वाक्य घेऊन दाखवते, कारण सगळी झटापट त्या वाक्यावर झाली. त्यात बाप्चा म्हणते की मिरुश्यू, झाब्को, हात गारठले की रेडिएटरपाशी बस, रास्पबेरीचं सरबत घालून चहा पी आणि क्षणभर बाबुन्याची आठवण काढ. हात, रेडिएटर, चहा, सरबत, क्षण, आजी, सगळ्यांना शेपटी आहे. आणि झाब्का म्हणजे छोटीशी बेडकी. हो, पोलिश आज्या नातींना बेडके म्हणतात आणि त्यात किळस-बिळस काही नसतं, झाब्को म्हटलं की ऐकणारीला मांडीवर घेतल्यासारखं वाटतं. मराठीत बेडके लिहिलं असतं तर आईनं परत फोन केला असता. आपल्याकडे त्या जागी चिमणे आहे, मने आहे. प्राणी बदलला तरी मांडी तीच राहिली पाहिजे. मी चिमणे घेतलं.

रेडिएटरपाशी बस, यातल्या 'बस'ला मूळात एक बारीकसा शब्द चिकटलाय, सोब्ये. उशोंच सोब्ये. शब्दकोशात बघाल तर अर्थ निघतो स्वतःला, स्वतःसाठी, आणि तो भाषांतरात लोक सरळ गाळतात, पहिल्यांदा मीही गाळला होता. एके रात्री भांडी घासताना आईशी फोनवर बोलत होते, ती म्हणाली, "मी आपली दुपारची गॅलरीत बसते वाटाणे सोलत," आणि माझा हात थांबला. मी आपली. तू आपली बस. याला दुसरा काही अर्थ नाही, कुणाची घाई नाही, कुणाला काही दाखवायचं नाही, आपली बस. सोब्येला याहून जवळचा शब्द जगात नसेल असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तो मला आईनं वाटाणे सोलता सोलता दिला.

तेव्हापासून मी शब्दकोश मिटला आणि आई मीराबद्दल बोलते कशी तेच ऐकायला लागले. चहाचंही तसंच सुटलं. मी चहुला, चहुली असलं काहीतरी मनात जुळवून बघत होते आणि ते सगळं बालवाडीतल्या गाण्यासारखं वाटत होतं. मराठीत तशा शेपट्या आहेत की, घरकुल आहे, भातुकली आहे, सोनुली, छकुली, चिमुकली, गोडुलं आहे, पण त्या ठरावीक शब्दांनाच लागतात, उठून कुठल्याही शब्दाला लावता येत नाहीत, रेडिएटरला तर नाहीच. पण आई कुणी दारात आलं तर काय म्हणते? घोटभर चहा घे. जेवायला थांबत नसेल तर दोन घास खा. उठायला लागलं तर बस की क्षणभर. घोटभर म्हणते आणि कप काठोकाठ भरून देते, दोन घास म्हणते आणि तिसरी भाकरी वाढते. हे भर, हे दोन घास, हीच आपली हेर्बात्का. चहा थोडा आहे असं त्यात कुणालाच वाटत नाही, फक्त नाही म्हणता येत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला मीराच्या बसवरून कळली. पत्रात एका जागी बाप्चा म्हणते की माझी व्नुशा एकटी, एकटीच्या एकटी बसनं शाळेत जाते, मला इथे झोप लागत नाही. मी पहिल्यांदा 'माझी नात एकटी बसने शाळेत जाते' असं लिहिलं होतं. त्यात एक माहिती आहे, बास. मग आईला मी हेच तोंडी सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "एवढंसं लेकरू ते! एकटं जातंय बसनं?" मी परत ऐकलं मनात. लेकरू ते. एकटं जातंय. मीरा मुलगी आहे, आईला मुलगी-मुलगा सगळं कळतं, पण जीव तुटला की आईचं व्याकरण नपुंसकलिंगात जातं. जेवलं का गं ते, दमलं असेल, झोपलं का माझं बाळ. आपल्या मराठीत अख्ख्या वाक्याला ती ऊब लागते, क्रियापदापर्यंत पसरते, एकेका शब्दाला वेगळी शेपटी लावायला नकोच. हे मला पोलिश शिकायच्या आधी कधी दिसलं नव्हतं, पन्नास वेळा बोलले असेन रोज. मग मी तिथे लिहिलं, 'एवढंसं माझं लेकरू एकट्या जिवानं बसमधून शाळेत जातं, मला इथे रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.'

मात्र हे सगळीकडे लावायचं नाही. पूर्ण पत्र नपुंसकलिंगात केलं तर ते तान्ह्या बाळाला लिहिलेलं वाटतं आणि मीरा नऊ वर्षांची आहे, तिला राग येईल. मी तीनच जागी ठेवलं, जिथे बाप्चाचा स्वतःचा आवाज कातर झालाय तिथे.

इंग्रजीचं कोडं बहिणीच्या शेजारणीनं सोडवलं, तिला कल्पनाही नाही. मी सारखी पुस्तकी इंग्रजी शोधत होते आणि मीरा राहते ग्लासगोत, जिथे दुकानातली बाईसुद्धा 'वी बॅग' हवी का विचारते, आणि ती पिशवी चांगली पोतंभर मोठी असते. तिथे वी म्हणजे छोटं, पण बोलताना ते आपल्या जरा, घोटभर, अंमळ यांच्यासारखंच पडतं. बहीण म्हणाली, शेजारच्या आजी मीराला बसस्टॉपवर बघून म्हणतात, 'दॅट वी सोल, ऑन द बस ऑल बाय हरसेल्फ.' वी सोल. एवढासा जीव! मला फोनवरच काटा आला अंगावर. आणि मीराला त्या हाक मारतात हेन. कोंबडी. झेशूफला बेडकी, कोल्हापूरला चिमणी, ग्लासगोला कोंबडी, आणि सगळ्या एकाच मुलीच्या अंगावर हात फिरवतायत. मीराच्या कानात ऊब ज्या आवाजात रोज येते तोच आवाज बाप्चाला द्यायचा, एवढं मग ठरलं. वी मी पाचच जागी वापरला, बाकीच्या ठिकाणी शब्द साधे ठेवले आणि वाक्यं बोलल्यासारखी मोकळी सोडली.

शेवटी ते वाक्य इंग्रजीत असं झालं: मीरा हेन, व्हेन युअर हँड्स आर फ्रोझन, सिट युअरसेल्फ डाउन बाय द रेडिएटर, हॅव अ वी कप ऑफ टी विथ रास्पबेरी इन इट, अँड थिंक ऑफ युअर बाप्चा फॉर अ मिनिट. सिट युअरसेल्फ डाउनमध्ये सोब्ये आपोआप आलं बघा. आणि मराठीत: 'मीरू, माझ्या चिमणे, हात गारठले ना की हीटरपाशी आपली उबेला बस, रास्पबेरीचं सरबत घालून घोटभर गरम चहा घे, आणि क्षणभर आठव गं आपल्या आजीला.' हाका सोडल्या तर मूळात शेपट्या सहा, मराठीत शेपटी म्हणावी अशी एकही नाही, फक्त ना, आपली, घोटभर, क्षणभर आणि एक गं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे आणताच आली नाही. पोलिश लोक पत्रात ज्याला लिहितात त्याचं तू, तुला, तुझं मोठ्या लिपीतल्या अक्षरानं सुरू करतात, वाक्याच्या मधोमध असलं तरी. इंग्रजीत मी मोठा असतो, पोलिश पत्रात तू मोठा. बाप्चानं नऊ वर्षांच्या पोरीचा प्रत्येक तुझा मोठ्या अक्षरात लिहिलाय, निळ्या पेनानं, जरा गिरवून. देवनागरीत मोठं अक्षर नाही. मी बराच वेळ बसले त्यावर, शेवटी सोडून दिलं. बहिणीला सांगितलं, मूळ पत्र मीराजवळच ठेव आणि ती अक्षरं तिला बोटानं दाखव.

आणि अजून एक जागा, जी माझ्या पहिल्या भाषांतरात पूर्ण बुडाली होती. सगळ्या पत्रात मिरुश्यू, मिरेच्को, झाब्को चाललंय, आणि दुसऱ्या पानावर मधेच एक ओळ आहे, तिथे नाव नागडं येतं. मिरो. शेपटी नाही, काही नाही. 'मिरो, बाबांशी पोलिश बोलतेस ना?' फक्त एवढंच, आणि पुढच्या ओळीला परत स्वेतेरेक, बाह्या लांब झाल्या तर दुमडून घाल. आपल्याकडेही आई एरवी सोन्या, बाळा म्हणते आणि एखाद दिवशी पूर्ण नाव घेते तेव्हा घर गप्प होतं, तसं ते आहे. रागाचं नाही, पण थट्टेचंही नाही. तिच्या मनात खोल काय आहे ते त्या एका ओळीत आहे, की माझ्यानंतर ही पत्रं कोण वाचणार. पहिल्या वेळी मी सगळीकडेच कोरडं मीरा लिहिलं होतं त्यामुळे ही ओळ बाकीच्या ओळींत मिसळून गेली, कुणाच्या नजरेला पडली नाही, माझ्याही नाही. आता आजूबाजूला मीरू आणि चिमणे आल्यावर तिथलं एकटं मीरा टोचायला लागलं. तसंच टोचू दिलं.

दुसरं भाषांतर पाठवलं तेव्हा आईचा फोन लगेच आला नाही. दोन दिवसांनी आला. पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "पेन घे. विहीणबाईंना माझं लिहून पाठव, त्यांच्या भाषेत." आणि सांगायला लागली, तिच्या नेहमीच्या पद्धतीनं, मधेच कुकरच्या शिट्ट्या मोजत. तुमचं पत्र पोचलं. स्वेटरचा फोटो बघितला, नक्षी फार छान, मी पण विणायचे आता डोळे चालत नाहीत. मीरा पोलिश बोलते बापाशी, मी मुलीला विचारलं, बोलते, काळजी करू नका. (आईला ती ओळ बरोब्बर टोचली होती.) आपलं लेकरू गुणाचं आहे. कधी इकडे या, घोटभर चहा घ्यायला.

मी पोलिशमध्ये लिहायला बसले. विहीणबाईला त्यांच्याकडे रोजच्या वापरातला असा शब्दच नाही, म्हणून कोखाना पानी, प्रिय बाई, एवढ्यावर भागवलं, ते अजून माझ्या मनासारखं झालेलं नाही. घोटभर चहाला मात्र थांबावं लागलं नाही, हेर्बात्का हातातूनच उतरली. आपलं लेकरू याशी आले आणि पेन टेकवून बसले जरा. व्नुच्का, नात, हे बरोबर होतं पण कोरडं. मग आठवला मालेंस्त्वो. एवढंसं पिल्लू असा त्याचा अर्थ, आणि पोलिशमध्येसुद्धा तो शब्द नपुंसकलिंगी आहे. नाशे मालेंस्त्वो. आपलं लेकरू. लिहून झाल्यावर आईला व्हिडिओ कॉलवर कागद दाखवला, तिला काय कळणार त्यातलं, पण तिनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "मीराचं नाव कुठंय यात? मला बोट ठेवून दाखव."